चार डॉट, मग विकेट. पण आउट झाला तो दुसराच

रविवारची सकाळ, धायरीच्या पुढचं एक भाड्याने मिळणारं मैदान, मॅटिंगची विकेट, पांढरा लेदर बॉल. गुडघ्याने रजा दिल्यापासून मी खेळत नाही, स्कोअर लिहितो. समोरच्या संघाने २० षटकांत ६ बाद १४८ केल्या होत्या. आमची १३ षटकं झाली तेव्हा धावफलक ३ बाद ९२ होता. ४२ चेंडूंत ५७ हव्या होत्या, म्हणजे षटकाला आठच्या थोड्या वर. अवघड काही नव्हतं.

चौदावं षटक त्यांच्या डावखुऱ्या स्पिनरचं. पहिल्या चेंडूवर आमच्या चार नंबरने सिंगल घेतली, दुसऱ्यावर पाच नंबरने. पुढचे चारही चेंडू चार नंबर खेळला आणि चारही डॉट गेले, एकही धाव नाही. एक पॅडवर लागला, दोन थेट कव्हरच्या हातात, शेवटचा स्वीप हुकला. ३ बाद ९४. आता ३६ चेंडूंत ५५, म्हणजे षटकाला नऊच्या वर. एका षटकात गरजेची धावगती जवळजवळ एका धावेने चढली.

पंधराव्या षटकाला मध्यमगती गोलंदाज आला. पहिलाच चेंडू, साधा लेंग्थवर पडलेला. फलंदाज दोन पावलं पुढे आला आणि लाँग-ऑनच्या हातात झेल देऊन परतला.

आमच्याकडे एक काका आहेत. साठी उलटली आहे, पूर्वी क्लबकडून खेळायचे, आता अंपायरिंग करतात आणि अंपायरिंग नसेल तेव्हा माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात. झेल हातात बसायच्या आत ते म्हणाले, "लिहून ठेव. ही विकेट याची नाही, आधीच्या त्या चार डॉटची आहे."

मी गोलंदाजाच्या रकान्यात W लिहिला, फलंदाजाच्या ओळीत झेल लिहिला आणि तिथेच अडकलो. बाद झाला होता पाच नंबर. त्या चार डॉटपैकी एकही चेंडू तो खेळलेला नव्हता.

षटक संपलं की गोलंदाजीचं टोक बदलतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटच्या चेंडूवर धाव निघाली नाही तर नव्या षटकाचा पहिला चेंडू समोरच्याला खेळावा लागतो, हेही. तरीही मैदानावरच्या सगळ्यांनी, माझ्यासकट, "डॉट, डॉट, डॉट, डॉट, विकेट" ही एकच गोष्ट म्हणून पाहिली. काकांचं म्हणणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. पण दबाव आला म्हणताना तो नेमका कुणावर आला, आणि त्यामुळे विकेट पडायची शक्यता खरंच वाढली का, हे वहीतून काढता येतं का ते बघायचं ठरवलं.

आधी वहीबद्दल. नेहमीच्या स्कोअरबुकात गोलंदाजाच्या चौकोनात षटकाचे सहा चेंडू दिसतात, पण ते कोण खेळला ते दिसत नाही. फलंदाजाच्या ओळीत बहुतेक जण फक्त काढलेल्या धावा लिहितात, डॉट लिहीतच नाहीत. अशा वहीतून "या फलंदाजाने सलग किती डॉट खेळले" हे शोधायचं तर सिंगल मोजत मोजत स्ट्राइक पुन्हा उभी करावी लागते, आणि मध्ये एखादा लेग-बाय आला की हिशेब हमखास चुकतो. म्हणून मी गेली काही वर्षं एका चेंडूला एक नोंद अशा ओळीने लिहितो. कोणी टाकला, कोणी खेळला, काय झालं.

त्याआधी डॉट कशाला म्हणायचं तेही ठरवावं लागतं. लेग-बाय गोलंदाजाच्या खात्यात धाव नाही, पण फलंदाज पलीकडे पोचला, स्ट्राइक बदलली, फलकावर एक चढली. दबावाचा विचार असेल तर तो डॉट नव्हे. वाइडमुळे मालिका तुटते का? मी तुटते असं धरलं, कारण फुकटची धाव मिळाली की श्वास सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या चेंडूवर विकेट पडली तो डॉट मोजायचा नाही. टीव्हीवरच्या डॉटच्या आकड्यात तो बहुधा धरलेला असतो. गोलंदाजाचं कौतुक करायला ते ठीक आहे, पण इथे डॉटमुळे विकेट पडते का हे शोधायचं आहे आणि विकेटलाच डॉट म्हटलं तर उत्तर आधीच प्रश्नात घुसतं.

त्या सामन्यात आम्ही १९.२ षटकांत १३१ वर सर्वबाद झालो. दोन्ही डाव मिळून २३६ चेंडू, १६ विकेट, आणि वरच्या व्याख्येने १०४ डॉट, म्हणजे शंभरात ४४.

काकांचा पहिला पुरावा असा होता, "तू कुठलीही विकेट काढ, तिच्या आधीच्या दोन चेंडूंत एखादा डॉट सापडेलच." मोजलं. १६ पैकी ११ विकेटच्या आधी सापडला. काका खुर्चीत मागे रेलले. मी वहीच्या मागच्या पानावर एवढंच लिहिलं: चेंडू डॉट नसण्याची शक्यता ५६ टक्के. लागोपाठ दोन्ही चेंडू डॉट नसण्याची ०.५६ गुणिले ०.५६, म्हणजे सुमारे ३१ टक्के. उरलेल्या ६९ टक्के वेळा, कुठल्याही चेंडूच्या आधीच्या दोहोंत निदान एक डॉट असणारच. १६ चे ६९ टक्के म्हणजे ११. डोळे मिटून १६ चेंडू निवडले असते तरी साधारण हाच आकडा आला असता.

विकेटकडून मागे बघितलं की हा घोटाळा होतो. प्रश्न उलट्या दिशेने विचारायला हवा. तीन डॉट झाल्यावर पुढच्या चेंडूला काय होतं? त्या सामन्यात असे २१ चेंडू होते. त्यांतल्या १९ चेंडूंवर विकेट पडली नाही, आणि त्या १९ वेळा कोणीही "बघ, डॉट होऊनही वाचला" असं ओरडलं नाही. दोनदा विकेट पडली. २१ पैकी २ म्हणजे साडेनऊ टक्के. एकूण २३६ पैकी १६ म्हणजे पावणेसात. काका म्हणाले, "वाढली की नाही?" वाढली. पण लाँग-ऑनवरचा तो एक झेल सुटला असता तर २१ पैकी १, म्हणजे पाचाच्याही खाली. ज्या निष्कर्षाची उलटापालट एका क्षेत्ररक्षकाच्या तळहातावर ठरते, तो निष्कर्ष नव्हे.

मग अख्ख्या हंगामाच्या नोंदी घेतल्या तर? त्यानेही फारसं भागत नाही. धरू की २० सामने, ४,८०० चेंडू, शंभरात ४० डॉट आणि शंभरात ५ विकेट. तीन डॉटनंतरचे चेंडू निघतील ३०० च्या आसपास. काहीही परिणाम नसेल तर त्यांवर १५ विकेट पडाव्यात, पण निव्वळ योगायोगाने तो आकडा ११ ते १९ मध्ये सहज हेलकावे खातो. ५ टक्के आणि ६ टक्के यांत फरक आहे असं थोड्या खात्रीने म्हणायला तीन डॉटनंतरचे १,९०० च्या वर चेंडू लागतात. म्हणजे एकूण तीसेक हजार चेंडू, म्हणजे सव्वाशे टी-२० सामने. कुठल्याही रविवारच्या क्लबकडे एवढा मसाला नसतो. आयपीएलचे हजारावर सामने झालेत आणि त्यांची चेंडूवार नोंद Cricsheet वर फुकट मिळते, तेव्हा हिशेब करायचा तर तिथे. CSV फाईल उघडली की मूळ काम दोन ओळींचं आहे:

```python
d["dot"] = ((d.runs_off_bat + d.extras == 0)
            & d.wicket_type.isna()).astype(int)
d["last3"] = d.groupby(["match_id", "innings"])["dot"].transform(
    lambda s: s.shift(1).rolling(3).sum())
```

`last3` तीन असेल ते चेंडू एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. दोन्हीकडे विकेटचं प्रमाण काढा. बरेच जण इथे थांबतात आणि आलेला आकडा मिरवतात. खरी अडचण इथून पुढे सुरू होते, कारण चेंडू लाखभर असले तरी दोन्ही बाजूंचे चेंडू एकसारखे नसतात.

ही अडचण मी काकांना अमृततुल्यात चहाच्या टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून समजावली. समजा जगात दोनच प्रकारचे गोलंदाज आहेत, आणि दोघांनी निम्मे निम्मे चेंडू टाकलेत. चांगल्याचे शंभरात ५० डॉट जातात आणि ७ विकेट पडतात. साध्याचे ३० डॉट आणि ३ विकेट. या जगात दबाव नावाची गोष्टच नाही असं धरू. आधीच्या चेंडूचा पुढच्यावर शून्य परिणाम. एकूण विकेटचं प्रमाण झालं ५ टक्के. आता फक्त तीन डॉटनंतरचे चेंडू वेचा. चांगला गोलंदाज लागोपाठ तीन डॉट टाकतो शंभरात साडेबारा वेळा, साधा टाकतो तीनपेक्षाही कमी वेळा. म्हणजे तुम्ही वेचलेल्या चेंडूंपैकी ८२ टक्के चांगल्याचेच निघणार. त्यांत विकेटचं प्रमाण येतं ६.३ टक्के.

काका पुड्यांकडे बघत राहिले. दबाव शून्य असलेल्या जगातही "तीन डॉटनंतर विकेटची शक्यता पाचावरून सव्वासहावर गेली" असं वहीत दिसतं. चार डॉट घेतले तर साडेसहा. म्हणजे मालिका जितकी लांब तितका परिणाम मोठा, अगदी दबावाच्या सिद्धांताला शोभेल असा चढता आलेख. प्रत्यक्षात त्या डॉटनी फक्त एवढंच सांगितलं की समोर बरा गोलंदाज आहे. खेळपट्टी वळत असेल, चेंडू स्विंग होत असेल किंवा फलंदाज आत्ताच आलेला असेल, तरी हाच प्रकार होतो. डॉट आणि विकेट ही दोघं एकाच आईची लेकरं असतात, आणि आपण मोठ्याला धाकट्याचा बाप ठरवतो.

गंमत अशी की ही चूक उलट्या बाजूनेही होते. टी-२० मध्ये डॉट जास्त जातात पहिल्या सहा षटकांत, आणि चेंडूमागे विकेट जास्त पडतात शेवटच्या चार-पाच षटकांत, जिथे सगळेच बॅट फिरवत असतात आणि डॉट कमी असतात. सगळे चेंडू एका टोपलीत टाकले तर तीन डॉटनंतरचे चेंडू पहिल्या सहा षटकांतून जास्त येतात, जिथे विकेटचं प्रमाण मुळात कमी. मग दबावाचा खरा परिणाम असला तरी तो दबून जाईल. म्हणजे कच्चा आकडा फुगलेला आहे की चेपलेला हेही आधी सांगता येत नाही. निदान षटकाचा टप्पा आणि गोलंदाज हे दोन्ही सारखे ठेवून तुलना करायला हवी. त्याच गोलंदाजाचे, त्याच टप्प्यातले, तीन डॉटनंतरचे चेंडू आणि इतर चेंडू. एवढ्या चाळण्या लावल्या की लाखभर चेंडूही पटापट कमी पडायला लागतात, ते वेगळंच.

मला यातून सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट विकेटकडे बघण्यात नाही, चौकारांकडे बघण्यात आहे. डॉटनंतर विकेट वाढल्या असं दिसलं तर लगेच विचारायचं की चौकार-षटकारांचं काय झालं? कारण केवळ गोलंदाज चांगला असेल तर विकेट वाढतील आणि चौकार कमी होतील. पण फलंदाज अस्वस्थ होऊन उचलून मारायला लागला असेल तर दोन्ही वाढायला हवेत. कप्तान डॉटनंतर क्षेत्ररक्षक आत ओढतो, त्याने तर डोक्यावरून मारलेल्याचे चौकार आणखीच वाढतात. दबाव म्हणतात तो याच जागी पकडता येतो, फटक्याच्या निवडीत. डॉट चेंडू फलंदाजाला बाद करत नाही. तो त्याला एक जोखमीचा फटका खेळायला लावतो, आणि जोखमीचा फटका कधी झेल होतो, कधी षटकार. आपल्याला झेल लक्षात राहतो. षटकार गेला तर समालोचक म्हणतो "दबाव झुगारून दिला", म्हणजे तेव्हाही सिद्धांत जिंकतोच.

दुसरी कसोटी माझ्याच वहीतून मिळाली, त्या पंधराव्या षटकातून. चांगल्या गोलंदाजामुळे डॉट आणि विकेट दोन्ही येत असतील तर षटक संपताच तो धागा तुटला पाहिजे, कारण आता गोलंदाज दुसरा आणि टोक दुसरं. डॉटचा परिणाम षटकाची हद्द ओलांडून नव्या गोलंदाजाच्या पहिल्या दोन-तीन चेंडूंवर दिसत असेल, तर तो मागच्याच्या गुणाने आला असं म्हणता येत नाही. "एका टोकाने दाबायचं, दुसऱ्या टोकाने घ्यायची" ही कप्तानांची जुनी शहाणपणाची गोष्ट याच जागी तपासता येते. पूर्ण चोख कसोटी नाही ही, कारण वळणारी खेळपट्टी दोन्ही टोकांना वळते. तरी गोलंदाज बदलतो आणि समोरचा फलंदाजही बदलतो, आणि एवढा फरक खेळाने आपणहून करून दिलेला असताना तो वापरायला हवा.

डॉटच्या जोरावर विकेट पडतातच असं म्हणणाऱ्याला मी बापू नाडकर्णींचं नाव सांगतो. नाशिकचा माणूस, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. लागोपाठ २१ निर्धाव षटकं, सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. डावातलं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. शून्य. समोर बोलस आणि बॅरिंग्टन होते आणि दोघांनाही कुठे जायची घाई नव्हती. भारताने ४५७ वर डाव सोडला होता, इंग्लंडचे काही खेळाडू आजारी, आणि त्यांना फक्त टिकायचं होतं. सामना अनिर्णित राहिला; त्या मालिकेतले पाचही सामने तसेच संपले. धाव काढणं ज्याला बंधनकारक नाही त्याच्यासाठी डॉट म्हणजे पुढे सरकलेलं घड्याळ. एका डावावरून नियम निघत नाही हे मलाही कळतं, पण लागोपाठ २१ निर्धाव षटकांचा दबाव एकही विकेट न घेता संपला, ही गोष्ट टेबलावर असायला हवी.

काकांनी यावर लगेच पकड केली. "पण तुझा पाच नंबर कसोटी खेळत नव्हता. त्याला ५५ हव्या होत्या."

बरोबर. मला वाटतं, त्यांचा मुद्दा जिथे टिकतो ती जागा हीच. पाठलाग करताना प्रत्येक डॉट गरजेची धावगती वर ढकलतो, आणि ती धावगती फलकावर असते, कुणा एकाच्या डोक्यात नसते. ती दोघांनाही सारखीच लागू. म्हणून चार नंबरने खेळलेल्या डॉटचं बिल पाच नंबरला येऊ शकतं. याचाही पडताळा घेता येतो. पहिल्या डावात असं बिल नसतं, तेव्हा डॉटचा परिणाम पहिल्या डावात फिका आणि पाठलागात गडद दिसायला हवा, आणि पाठलागातही धावगती आधीच हाताबाहेर गेलेली असेल किंवा अगदी किरकोळ असेल तिथे तो पुसट व्हायला हवा. सहाच्या गतीने पाठलाग चालला असेल तर चार डॉट पचतात. सव्वाआठची सव्वानऊ झाली की माणूस हिशेब मांडायला लागतो.

(आयपीएलने २०२३ च्या बादफेरीत प्रत्येक डॉटमागे ५०० झाडं लावायचं जाहीर केलं आणि पडद्यावर डॉटच्या जागी हिरवं झाड दिसायला लागलं. काकांना ती कल्पना फार आवडली होती. विकेट पडो न पडो, झाड तरी लागतं.)

पाच नंबर अजून पॅड सोडत बसला होता, तेव्हा मी त्याला विचारलं होतं. सामना हरल्यावर लगेच विचारू नये असं म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर माणूस गोष्ट रचून सांगतो. तो म्हणाला, "दादा, खरं सांगू? डॉटचं काही नव्हतं डोक्यात. तो पलीकडे अडकलाय, स्वीप हुकला, वैतागलाय, हे दिसत होतं. म्हटलं मी एक मोठा मारतो, म्हणजे त्याला सुटल्यासारखं होईल. बॉल स्लॉटमध्येच होता. थोडा बॅटच्या खालच्या भागाला लागला."

हे ऐकून काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, आणि मीही त्यांच्याकडे तसंच पाहिलं. डॉटमुळेच मारायला गेला, हे त्यांचं. चेंडू बॅटच्या मधोमध लागला असता तर षटकार होता आणि हीच चर्चा झाली नसती, हे माझं.

पुढच्या रविवारपासून मी नोंदीत एक रकाना वाढवला आहे. प्रत्येक चेंडूपुढे फटका कसला होता ते एका अक्षराने लिहितो: ब म्हणजे बचाव, ढ म्हणजे ढकलून सिंगलचा प्रयत्न, उ म्हणजे उचलून मारलेला. काय निकाल लागला ते बघायच्या आधी लिहायचं, हा नियम. चेंडू हवेत असताना अक्षर पडलं पाहिजे, नाहीतर झेल झाला की हात आपोआप "उ" लिहितो. पहिल्या दिवशी मला दोनदा जमलं नाही. काका शेजारी बसून आता विकेट पडली की काही बोलत नाहीत, आधी माझ्या रकान्यात डोकावतात.